खाडा, पोळी आणि शेवटचा डबा: घरगुती डबा महिनाभर नीट कसा चालवायचा

डबे सुरू करणाऱ्या बायका मला बहुतेक वेळा भाजीच्या चवीबद्दल विचारतात. डबा बंद करायची वेळ आलेल्या बायका मात्र खाड्याबद्दल बोलतात. लेकरं चार दिवस गावी जातात, परत येऊन म्हणतात, "काकू, मी नव्हतो ना, पैसे कापा." आपण कापतो, आणि महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. का उरलं नाही, ते कळत नाही.

मी लातुरात खाडगाव रोडच्या बाजूला राहते. गिऱ्हाईक दोन प्रकारचं आहे. एक, ट्युशन एरियातल्या हॉस्टेलात आणि रूम करून राहणारी नीट-जेईईची मुलं. दुसरं, औसा रोडकडची नोकरदार माणसं. खाली २४ डब्यांचं उदाहरण घेऊन सगळं सांगते. तुमचं गाव नांदेड असो की अंबाजोगाई, आकडे बदलतील. पण क्रम बदलू नका. बहुतेकींची चूक क्रमातच होते: आधी मेनू ठरवतात, मग गिऱ्हाईक घेतात, मग पोचवायचं कसं ते बघतात, आणि हिशेब शेवटी. मी उलट जाते.

## टप्पा १: किती डबे झेपतील ते तव्यावर मोजा

भाजी आणि वरण २४ जणांचं केलं काय किंवा ३० जणांचं केलं काय, पातेलं थोडं मोठं घ्यावं लागतं, एवढाच फरक. पोळीचं तसं नाही, ती एकेकच भाजावी लागते. म्हणून तुमची मर्यादा तव्यावर ठरते.

एका डब्याला ४ पोळ्या धरल्या तर २४ डब्यांना ९६ पोळ्या लागतात. एक किलो कणकेत ५० ग्रॅमच्या गोळ्याच्या साधारण ३२ पोळ्या होतात, म्हणजे ३ किलो कणीक. एकटी बाई लाटून-भाजून तासाला चाळीसेक पोळ्या करते. एक लाटणारी आणि एक भाजणारी असेल तर नव्वदपर्यंत जातात. एकट्याने ९६ पोळ्या करायच्या म्हटलं तर अडीच तास तव्यापुढे उभं राहावं लागेल, आणि पहिल्या पोळ्या डब्यात जाईपर्यंत वातड होतील. तेव्हा एकटी असाल तर १० ते १२ डब्यांच्या पुढे जाऊ नका. मदतीला बाई मिळाली की वाढवा.

एक दिवस खरोखर घड्याळ लावून पोळ्या करा. मनातला आकडा नेहमी जास्त निघतो. माझा निघाला होता.

याच टप्प्यावर दोन कागदी कामं उरकून घ्या. घरून अन्न विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते. FoSCoS या पोर्टलवर अर्ज करायचा, १४ आकडी क्रमांक मिळतो. दुसरं म्हणजे गॅस. घरगुती १४.२ किलोची लाल टाकी धंद्याला वापरायला परवानगी नाही. १९ किलोच्या व्यावसायिक टाकीचं कनेक्शन घ्या आणि तोच भाव दरात धरा. पुष्कळ जणी घरच्या टाकीवर दर काढतात आणि वर्षभर त्याच दरात अडकून पडतात.

## टप्पा २: दर, आणि खाड्याचा नियम, पहिला डबा जायच्या आधी

आमच्याकडे दुपारी आणि रात्री असे दिवसाला दोन डबे जातात, फक्त रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. ३० दिवसांच्या, चार रविवारांच्या महिन्यात ६० वेळा वजा ४ म्हणजे ५६ डबे होतात. दर महिना २,८०० रुपये, म्हणजे डब्याला ५० रुपये. ३१ दिवसांच्या महिन्यात एक-दोन डबे जास्त जातात, फेब्रुवारीत कमी जातात. तो वाद घालायचा नाही, महिन्याचा दर एकच ठेवायचा.

त्या ५० रुपयांची माझ्याकडची वाटणी अशी आहे: किराणा-भाजी २७, गॅस ३, पोचवणं ६, मदतनीस बाई ५, धुणं-पुसणं आणि किरकोळ १. एकूण ४२ झाले, ८ उरले. २४ डब्यांवर महिन्याचे १,३४४ डबे होतात, म्हणजे १०,७५२ रुपये.

आता खाडा बघा. एखाद्याचा डबा गेला नाही तर तुमचं काय वाचतं? किराणा आणि ढोबळ मानाने गॅस, असे ३० रुपये. पोचवणाऱ्याचा पगार तेवढाच राहतो, बाईचाही तेवढाच. तुम्ही मात्र ५० रुपये कापता, म्हणजे दर खाड्याला २० रुपये पदरचे जातात. प्रत्येकाने महिन्यात फक्त तीन दिवस, म्हणजे सहा डबे खाडा केला तरी १४४ खाडे होतात. त्याचे २,८८० रुपये. साडेदहा हजारांतली चौथाईहून जास्त कमाई अशी, कुणाशी भांडण न होता, निघून जाते. डब्याचा दर्जा उत्तम, गिऱ्हाईक खूश आणि घरात पैसा नाही, याचं कारण बहुतेक ठिकाणी हेच असतं.

म्हणून माझा नियम असा आहे:

- सलग चार डब्यांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही.
- दुपारच्या डब्याचा खाडा आदल्या रात्री ८ पर्यंत, रात्रीच्या डब्याचा त्याच दिवशी दुपारी २ पर्यंत कळवायचा.
- धरलेल्या प्रत्येक खाड्याचे ३० रुपये पुढच्या बिलात वजा होतील. रोख परत मिळणार नाही.

पहिल्या दिवशी "तीस का, पन्नास का नाही?" असं विचारणारे असतातच. त्यांना वरची वाटणी सरळ सांगा. नोकरदार गिऱ्हाइकाला पटते. मुलांना नाही पटत, पण त्यांच्या वडिलांना पटते.

सावध: हा नियम महिना सुरू झाल्यावर सांगितला तर तो नियम राहत नाही, नुसतं भांडण होतं. नाव लिहून घेतानाच कागदावर द्या आणि विद्यार्थी असेल तर आई-वडिलांच्या फोनवरही पाठवा.

## टप्पा ३: आधी फेरी, मग मेनू

डबा कुठल्या वेळी उघडला जाणार, तिथून मागे मोजत या. माझ्या २४ डब्यांत १५ डबे ट्युशन एरियात, चार ठिकाणी जातात. दोन हॉस्टेलं आणि दोन इमारती. क्लास सुटून मुलं साडेबाराला जेवायला येतात. उरलेले ९ डबे औसा रोडच्या बाजूला आठ ठिकाणी जातात आणि त्यांची सुट्टी एकच्या पुढे होते.

सुरुवातीला मी सगळे २४ डबे एकदमच भरून पोऱ्याला स्कूटरवर पाठवत असे, आणि तो जवळून लांब असा जायचा. वरून शहाणपणाचं दिसतं. पण पोळ्या अकरापासून भाजलेल्या, शेवटचा डबा पोचायला दीड. त्या शेवटच्या माणसाने दोन महिन्यांत डबा सोडला, आणि कारण म्हणून "चव बदलली" असं सांगितलं. चव तीच होती, पोळीचं वय वाढलं होतं.

आता दोन फेऱ्या आहेत, स्कूटर एकच. पहिली फेरी १२:०५ ला निघते आणि १२:३५ ला १५ डबे देऊन संपते. पोऱ्या घरी येतो, १२:४५ ला ९ डबे घेऊन निघतो आणि १:२० पर्यंत मोकळा होतो. यात पोळ्याही दोन खेपांत भाजता येतात. पहिल्या ६० पावणेबारापर्यंत, उरलेल्या ३६ साडेबारापर्यंत. कुठलीच पोळी दीड तासापेक्षा जुनी होत नाही.

फेरीचा वेळ काढताना अंतर मोजू नका, थांबे मोजा. लातूरसारख्या गावात दोन किलोमीटरला पाच-सहा मिनिटं लागतात. खरा वेळ जातो गाडी लावणं, जिना चढणं, दार वाजवणं आणि रिकामा डबा शोधून देणं यात. एका थांब्याला अडीच ते तीन मिनिटं धरा, हॉस्टेलच्या फाटकावर पाच-सात डबे एकत्र द्यायचे असतील तर चार. म्हणून नवं गिऱ्हाईक घेताना "घरापासून किती लांब?" असं विचारू नका. "माझ्या फेरीत एक थांबा वाढतो की आहे त्याच थांब्यावर एक डबा वाढतो?" असं विचारा. त्याच हॉस्टेलातला सहावा डबा जवळजवळ फुकटात पोचतो. वाटेवरच्या चौथ्या मजल्यावरचा एकच डबा मात्र पाच मिनिटं खातो, आणि त्याच्या पुढच्या सगळ्यांचं जेवण तेवढं उशिरा होतं.

तपासा: पहिला आठवडा पोऱ्याला प्रत्येक थांब्यावर वेळ लिहायला लावा. पाचव्या दिवशी कुठे अडतं ते दिसतं. आमच्याकडे एका हॉस्टेलचा वॉचमन फाटक उघडायला रोज सहा मिनिटं लावायचा. महिन्यातून दोन वेळा त्यालाही डबा द्यायला लागलो. मिटलं.

## टप्पा ४: चौदा दिवसांचं चक्र

सात दिवसांचं चक्र लावू नका. तिसऱ्या आठवड्यात मुलांना पाठ होतं. मंगळवारी मटकी, गुरुवारी कोबी. मग कोबीच्या दिवशी बाहेर वडापाव आणि डबा तसाच परत. चौदा दिवसांचं चक्र लावलं की तीच भाजी परत येते पण वार लक्षात राहत नाही, आणि तुम्हालाही रोज सकाळी "आज काय?" हा प्रश्न पडत नाही.

चक्र भरताना मी आधी भाज्या लिहीत नाही, चौकट आखते. दुपारी पोळी, एक सुकी भाजी, वरण किंवा आमटी, भात. रात्री पोळी किंवा भाकरी, एक पातळ भाजी किंवा उसळ, भात रोज नाही. चौदा दिवसांत दोन वेळा रात्री खिचडी-कढी, दोन वेळा पिठलं. मग नियम लावते. एकाच दिवशी दोन्ही वेळा कडधान्य नको. बटाटा चौदा दिवसांत तीनदाच, मदतीला म्हणून नव्हे तर मुख्य भाजी म्हणून. पालेभाजी रात्री ठेवली तर दुपारी निवडायला वेळ मिळतो. दुपारी ठेवली तर सकाळी सातपासून मेथी निवडत बसावं लागतं आणि पोळ्या उशिरा होतात.

आता फेरी आधी ठरवायचं कारण सांगते. ज्वारीची भाकरी मराठवाड्यातल्या लेकराला हवीच असते, पण ती तव्यावरून अर्ध्या तासात खाल्ली तरच. नंतर कडक होते. म्हणून आठवड्यातून दोन वेळा, रात्री, आणि फक्त पहिल्या फेरीच्या १५ जणांना भाकरी जाते. औसा रोडच्या नऊ जणांना त्या दिवशी पोळीच. सुरुवातीला नऊ जणांनाही भाकरी पाठवून मी बोलणी खाल्ली आहेत. भजी, पुरी, कुरकुरीत काहीही, पंधरा मिनिटांच्या पुढे पाठवू नका. वाफेने लिबलिबीत होतं.

आपल्याकडच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट आणि काळा मसाला असतोच. कुटाचा रस्सा डब्यात निवता-निवता घट्ट होतो, वरणही तसंच. पातेल्यात बरोबर दिसणारी आमटी डब्यात चमच्याने कापावी लागते. डब्यासाठीचा रस्सा घरच्यापेक्षा थोडा पातळ ठेवा, उकळतं पाणीच घाला, आणि मीठ त्या पाण्याच्या हिशेबाने. येसराची आमटी तर हमखास घट्ट होते, तिला पाणी हात सोडून लागतं.

चक्राच्या कागदावर प्रत्येक दिवसाखाली "आदल्या दिवशी काय?" अशी एक ओळ ठेवा. मटकीच्या उसळीला दोन दिवस आधी सुरुवात करावी लागते. सोमवारी सकाळी भिजवली, रात्री उपसून फडक्यात बांधली, मंगळवारी मोड आले, बुधवारी उसळ. ही ओळ नसली की मंगळवारी रात्री आठवतं आणि बुधवारी पुन्हा बटाटा होतो. बटाटा तीनचा सहा कसा झाला, त्याचं उत्तर असं भिजवण्यात सापडतं.

एकादशी महिन्यात दोनदा येते, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार आहेतच. कोण कुठला उपास धरतो ते नाव लिहून घेतानाच विचारा आणि डब्याच्या नंबरापुढे लिहा. भगर-आमटी किंवा साबुदाणा खिचडी तेवढ्याच जणांची करायची. श्रावणात रविवारी दुपारचं चिकन किंवा अंडं बंद. त्या रविवारी शाकाहारी गोडधोड ठेवलं तर कुणी कुरकुरत नाही.

सावध: दुपारचा उरलेला भात रात्रीच्या डब्यात घालू नका, फोडणी देऊनही नाही. भातात उकळूनही न मरणारे जिवाणूंचे बीजाणू असतात. भात कोमट राहून तासन्‌तास पडला की ते वाढतात आणि त्यांनी केलेलं विष परत गरम करून जात नाही. लातूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर हे फारच लवकर होतं. उरतोय असं वाटलं तर पुढच्या वेळी तांदूळ कमी करा. माणशी ६० ते ६५ ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो.

## टप्पा ५: भरणं

प्रत्येक गिऱ्हाइकाला डब्याचे दोन संच लागतात. भरलेला देताना आधीचा रिकामा घ्यायचा. २४ जणांना ४८ संच आणि वर चार जादा, असे ५२. स्टीलचे तीन कप्प्यांचे घ्या आणि भांड्याच्या दुकानात मशीनने नाव टाकून देतात तसे नंबर कोरून घ्या. झाकणावर, दांडीवर आणि प्रत्येक कप्प्यावर. नुसता स्टिकर चौथ्या घासणीला जातो. नाव नको, नंबरच. पोरं बदलतात, १७ नंबर राहतो.

नव्या डब्याची आधी परीक्षा घ्या. खालच्या कप्प्यात पाणी भरून झाकण लावा आणि एक मिनिट उलटा धरा. गळाला तर तो कप्पा सुक्या भाजीला ठेवा. पातळ पदार्थ काठाच्या एक बोट खाली राहिला पाहिजे. काठोकाठ भरलेलं वरण स्पीडब्रेकरवर बाहेर येतंच.

भरायचा क्रम असा आहे:

१. आधी पातळ भाजी किंवा वरण, सगळ्यात खालच्या कप्प्यात, उकळतं. पातेलं मंद आचेवरच ठेवून भरायचं. गॅस बंद करून भरायला घेतलं तर विसाव्या डब्याला कोमट जातं. स्वयंपाकघराचा थर्मामीटर असेल तर ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे.

२. मग मधल्या कप्प्यात भात, आणि त्याच्या बाजूला छोट्या वाटीत सुकी भाजी.

३. शेवटी वर पोळ्या. तव्यावरून उतरलेली पोळी थेट डब्यात घातली की तिच्याच वाफेने ओली होते. आधी जाळीवर मिनिटभर पसरवा, तेलाचं बोट फिरवा, चौघडी करा, आणि सुती फडकं घातलेल्या टोपलीत ठेवा. तिथून डब्यात.

४. लोणचं किंवा शेंगदाण्याची चटणी छोट्या डबीत, पोळ्यांच्या कप्प्यात. वर्तमानपत्राच्या कागदात काहीही बांधू नका. शाई अन्नात उतरते, आणि एफएसएसएआयनेही ते वापरू नका असं सांगितलं आहे.

पिशवीत डबे उलट्या क्रमाने लावा. शेवटी द्यायचा तो खाली, पहिला वर. नाहीतर पोऱ्या प्रत्येक दारात सगळे डबे उपसतो आणि तुमचे तीन मिनिटांचे थांबे पाचाचे होतात.

तपासा: माझ्याकडे रोज एक पंचविसावा डबा असतो. तो दुसऱ्या फेरीत पूर्ण फिरून घरी परत येतो आणि दीड वाजता मी तोच जेवते. पातेल्यातली चव बघून काहीच कळत नाही. अर्ध्या तासाहून जास्त स्कूटरवर फिरलेल्या डब्यात पोळी कशी आहे, वरण घट्ट झालं का, भात गोळा झाला का, ते यातूनच कळतं. हा डबा तुमच्या जेवणाचा आहे, वेगळा खर्च नाही.

रिकामा डबा दिला नाही तर पुढचा डबा जात नाही, हे लेकरांना पहिल्या आठवड्यात दोनदा कडक सांगावं लागतं. अगदीच अडलं तर त्या वेळी वापरून टाकायच्या डब्यात द्या आणि १० रुपये जादा लावा. दहा रुपये कापले की तिसऱ्या दिवशी पलंगाखालचा डबा सापडतो.

## टप्पा ६: वही

फोनवरच्या निरोपांवर हिशेब ठेवू नका. निरोप वर सरकतात, आणि काहींनी तोंडी पोऱ्याला सांगितलेलं असतं. एक मोठी आखीव वही घ्या. उभे १ ते २४ नंबर, आडव्या तारखा, प्रत्येक चौकटीत तिरकी रेघ. वर दुपार, खाली रात्र. खुणा चारच: टिंब म्हणजे गेला, "खा" म्हणजे कळवलेला खाडा, "प" म्हणजे पाहुण्याचा जादा डबा, "न" म्हणजे आपण पाठवला पण घेतला नाही. "न" हा खाडा नाही, तो गेलेलाच डबा.

टिंब डबा दाराबाहेर पडताना टाका, रात्री आठवून नाही. आणि रात्री आठला, कुठल्याही मालिकेच्या आधी, आलेले खाडे वहीत उतरवा. प्रत्येकाला उलट निरोप पाठवा: "डबा १७. खाडा गुरुवार रात्र ते रविवार दुपार, ६ डबे. नोंदला." हा उलट निरोप पाठवायला लागल्यापासून महिनाअखेरची भांडणं जवळजवळ संपली. "मी सांगितलं होतं" असं म्हणायला जागाच राहत नाही.

## टप्पा ७: बिल

ज्याची तारीख त्याचं बिल, असं करू नका. कुणी ३ तारखेला लागला, कुणी १९ ला, म्हणजे तुम्ही महिनाभर वसुलीच करत बसता. सगळ्यांना १ तारखेवर आणा. त्यासाठी मधेच लागलेल्याचं पहिलं बिल तुटक करायचं.

१७ नंबरचं उदाहरण घेऊ. मुलगा ११ जुलैला, शुक्रवारी लागला. ११ ते ३१ म्हणजे २१ दिवस, ४२ वेळा. त्यात १३, २० आणि २७ हे तीन रविवार, म्हणून रात्रीचे तीन डबे वजा. ३९ डबे, प्रत्येकी ५०, झाले १,९५०. वर दोन डब्यांची अनामत ६०० रुपये. एकूण २,५५० आधी घेतले, मग डबा सुरू.

ऑगस्टचे २,८०० त्याने वेळेवर दिले. १४ ऑगस्टला दुपारी एकला निरोप आला की संध्याकाळच्या गाडीने उदगीरला जातोय, रविवारी रात्री येईन. दोनच्या आत कळवलं, म्हणून गुरुवारची रात्र धरली. शुक्रवारचे दोन, शनिवारचे दोन, रविवारची दुपार. सहा डबे, चारपेक्षा जास्त, म्हणजे नियमात बसतात. ६ गुणिले ३० म्हणजे १८० वजा. त्याच महिन्यात त्याचा भाऊ आला होता, पाहुण्याचे दोन डबे प्रत्येकी ६० रुपयांनी, १२० जमा. सप्टेंबरचं बिल असं गेलं:

```
डबा १७ : सप्टेंबर
महिना          २,८००
खाडे ६ × ३०    - १८०
पाहुणा २ × ६०   + १२०
द्यायचे        २,७४०
५ तारखेपर्यंत
```

वही २५ तारखेला रात्री बंद करते. नंतरचे खाडे पुढच्या बिलात. २६-२७ ला बिलं जातात, १ ते ५ पैसे येतात. ६ तारखेला दुपारचा डबा थांबतो. हे एकदाच करावं लागलं, आणि ते पोरगं नव्हे, चांगल्या पगाराचा माणूस होता.

मुलांचे पैसे बहुतेक वडिलांच्या किंवा मामाच्या यूपीआयवरून येतात. फोनवर दिसणारं नाव तुमच्या वहीत नसतंच. "कुणाचे २,७४० आले?" म्हणून मी एकदा अख्खी रात्र घालवली आहे. पैसे टाकताना सूचनेच्या जागी "डबा १७" लिहायला सांगा. आले की वहीत रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे उतरवा.

सावध: पैसे "आले" असा स्क्रीनशॉट पाहून वहीत रक्कम उतरवू नका. बँकेच्या खात्यात जमा दिसले तरच.

## टप्पा ८: मे महिना

नीटची परीक्षा साधारण मेच्या सुरुवातीला होते आणि त्या आठवड्यात हॉस्टेलं ओस पडतात. मार्चच्या २५ तारखेच्या बिलासोबतच प्रत्येक मुलाला शेवटच्या डब्याची तारीख विचारा आणि शेवटच्या महिन्याचंही बिल तुटक करा, लागताना केलं तसंच: जेवढे डबे तेवढे गुणिले ५०. अनामत त्याच बिलातून वजा करायची मागणी होते. करू नका. दोन्ही संच, सहाही कप्पे आणि झाकणं नंबर बघून हातात आली की मगच ६०० रुपये परत. एका वर्षी मी आधी अनामत दिली आणि ११ कप्पे कमी पडले. ते आता लोहारा, रेणापूर, चाकूरच्या कुठल्या तरी स्वयंपाकघरात नंबर मिरवत असतील.

मे-जूनमध्ये उरलेल्या नोकरदार नऊ जणांसाठी एकच फेरी ठेवा आणि त्यांना भाकरी सुरू करा. तेवढ्या नऊ डब्यांची भाकरी गरम पोचते.